अंथरूण ओलं करणारा मुलगा आणि चौदा आठवड्यांचा अलार्म

मुलगा 8 वर्षांचा झाला तरी आठवड्यातून पाच-सहा रात्री गादी भिजत होती. बालरोगतज्ज्ञांनी आधी लघवी तपासली आणि दिवसा चड्डी ओली होते का, जळजळ होते का, तहान वाढली आहे का, शी कडक होते का, हे विचारलं. बद्धकोष्ठ निघालं. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, म्हणून आधी त्यावर उपचार झाले. सातव्या वर्षी शंभरातल्या पाच ते दहा मुलांचं असं होतं, आणि आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी हा त्रास असला तर शक्यता वाढते, हेही तिथेच कळलं.

मग अलार्म आणला. सेन्सर चड्डीला लावायचा आणि डबी बनियनच्या खांद्यावर. पहिला थेंब पडताच तो वाजतो. घामानेही वाजतो, म्हणून उन्हाळ्यात पंखा आणि सुती चड्डी लागतेच.

पहिले तीन आठवडे अलार्मने आम्ही जागे व्हायचो, तो नाही. इथेच बरेच जण यंत्र परत करतात. पण त्या दिवसांत मोठ्यांनी उठून मुलाला पूर्ण जागं करायचं असतं. अलार्म त्याने स्वतः बंद करायचा, चालत बाथरूमला जायचं, उरलेली शू करायची, चड्डी बदलायची आणि सेन्सर पुसून पुन्हा लावायचा. झोपेतच उचलून नेलं तर काही शिकणं होत नाही, कारण भरलेल्या मूत्राशयाची खूण आणि जाग यांचा सांधा जुळायला हवा.

कोरड्या रात्री लगेच मिळत नाहीत. आधी डाग लहान होतो, मग अलार्म रात्री एकऐवजी पहाटे चारला वाजतो, मग मूल स्वतः उठतं. आम्ही वहीत वेळ आणि डागाचा आकार लिहीत होतो, म्हणून सहाव्या आठवड्यात, जेव्हा एकही रात्र कोरडी नव्हती, तेव्हाही फरक दिसला. सलग 14 कोरड्या रात्री चौदाव्या आठवड्यात झाल्या.

याच काळात घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा सकाळी त्याला धपाटा घातला. त्यानंतर तो ओली चड्डी गादीखाली लपवू लागला आणि अलार्मची वायर गुपचूप काढून झोपू लागला. वहीतल्या नोंदी निरुपयोगी झाल्या, दहा दिवस वाया गेले. गाढ झोपेत घडणारी गोष्ट त्याच्या ताब्यात नसते. मार बसतो तो जागेपणी, आणि त्यातून मूल लपवायला शिकतं. आम्ही बक्षीसही कोरड्या रात्रीसाठी ठेवलं नाही. अलार्म वाजल्यावर उठलास की तारा, एवढंच.

चौदा रात्रींनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपताना एक पेला जास्त पाणी दिलं, म्हणजे मूत्राशयाची कसोटी लागते आणि पुन्हा घसरण्याची शक्यता कमी होते. दोन रात्री भिजल्या, पुढच्या 14 कोरड्या गेल्यावर अलार्म कपाटात ठेवला. पुन्हा सुरू झालं तर तोच बाहेर काढायचा, हे मुलालाही माहीत आहे.