विट्याच्या दुकानाची खरी वाढ

*"मॅडम, वर्षात नवीन शाखा उघडली. ती धरली तर वाढ फुगते, सोडली तर तिथला मॅनेजर म्हणतो माझं काम कुठे गेलं. मग गेल्या वर्षीच्या तुलनेत नेमकी वाढ किती सांगायची?"*

सांगली-साताऱ्याकडच्या दुकानदारांचे हिशेब मी सांभाळते, आणि मार्च उलटला की हे कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर मी एका दुकानदार घराण्याच्या हिशेबात शिकले, म्हणून तेच उदाहरण देते. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, सगळे लाखांत आणि जीएसटी वगळून.

फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीनचा धंदा. सांगलीतलं जुनं दुकान, शिवाय मिरज आणि तासगाव. १२ ऑक्टोबर २०२३ रोजी विट्याला चौथं दुकान उघडलं, दसऱ्याच्या तोंडावर. १० ऑगस्ट २०२४ ला सांगलीतच विश्रामबागला पाचवं. २०२३-२४ ची एकूण विक्री ८७० होती, २०२४-२५ ची १,०३०. म्हणजे १८.४ टक्के वाढ. आप्पांनी, म्हणजे मालकांनी, हा आकडा घरात सांगूनही टाकला होता.

पण जुनी तीन दुकानं वेगळी काढली तर ८०० वरून ८०६. पाऊण टक्का. बाकी सगळी वाढ नव्या दुकानांची, आणि त्यातली बरीचशी अशा महिन्यांची, ज्या महिन्यांत आदल्या वर्षी ती दुकानं नव्हतीच. विट्याचं तर ७० वरून १२६, म्हणजे ८० टक्के वाढ दिसत होती. साडेपाच महिन्यांशी बारा महिन्यांची तुलना केली की दुसरं काय दिसणार?

तेव्हा मी पुस्तकातला नियम लावला: जो महिना दुकान दोन्ही वर्षी पूर्ण चालू होतं, तोच महिना मोजायचा. विट्याचा ऑक्टोबर २०२३ अर्धवट होता, तो सोडला. नोव्हेंबर ते मार्च घेतले. आधीच्या वर्षी ५१, नंतरच्या वर्षी ४६. जवळपास १० टक्के घट. तसा रिपोर्ट मी आप्पांकडे पाठवला.

दुसऱ्या दिवशी विट्याचा मॅनेजर स्वतः सांगलीला आला. आवाज चढवला नाही, फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून म्हणाला, "मॅडम, त्या वर्षी पाडवा चौदा नोव्हेंबरला होता. यंदा दोन तारखेला. आमची दिवाळीची खरेदी बहुतेक ऑक्टोबरातच आटोपली, आणि तुम्ही ऑक्टोबर काढून टाकलात."

त्याचं बरोबर होतं, चूक माझी होती. आमच्याकडे फ्रिजचं बिल मुहूर्त बघून होतं. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला. सण बारा दिवस अलीकडे सरकला होता. नोव्हेंबर समोरासमोर ठेवले तर एकीकडे ऐन दिवाळी आणि दुसरीकडे दिवाळी उलटून गेल्यानंतरचा शुकशुकाट. त्यातून विट्याची दिवाळी इतर गावांपेक्षा जड. देशभर विखुरलेले तिथले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे कारागीर, सणाला गावी आले की घरासाठी मोठी खरेदी तेव्हाच करतात, असा त्या मॅनेजरचा अनुभव. जुन्या दुकानांना हा फरक जाणवत नाही, कारण त्यांचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्ही मोजले जातात. चटका बसतो तो वर्षाच्या मध्यात उघडलेल्या दुकानाला, ज्याची मोजणी नेमकी सणाच्या मधोमध सुरू होते.

मग मी महिना सोडून दिला आणि तारखांच्या जोड्या केल्या. दसरा ते पाडवा ही एक जोडी. २४ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर २०२३ आणि १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२४. दोन्हीकडे बरोबर २२ दिवस. उद्घाटनाच्या सवलतीचे दसऱ्याआधीचे दिवस बाहेर राहिले आणि ते राहायलाच हवे होते, कारण उद्घाटनाची झुंबड पुन्हा येत नाही. ती आधारात धरली की पुढच्या वर्षी दुकान विनाकारण पडलेलं दिसतं. पाडव्यानंतरचे नोव्हेंबरचे उरलेले दिवस दोन्ही वर्षी कमी-जास्त होते, तेही सोडले. दुसरी जोडी १ डिसेंबर ते १४ मार्च.

१४ मार्चलाच का थांबले, तर गुढीपाडव्यामुळे. तो २०२३ साली २२ मार्चला, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२५ साली ३० मार्चला आला. नीट बघा: २०२३-२४ या आर्थिक वर्षात एकही गुढीपाडवा नाही आणि २०२४-२५ मध्ये दोन. आमच्या धंद्यात हा फरक लहान नसतो, आणि तोवर माझ्या लक्षातच आला नव्हता.

विट्याचं उत्तर असं आलं. दसरा-पाडवा ३१ वरून ३४, डिसेंबर ते मध्य मार्च २४ वरून २७. मिळून ५५ वरून ६१, म्हणजे सुमारे ११ टक्के वाढ. एकाच दुकानाचे तीन आकडे झाले: ८० टक्के वाढ, १० टक्के घट आणि ११ टक्के वाढ. तिन्ही त्याच बिलांतून निघालेले. शेवटचा आकडा मी मॅनेजरला वाचून दाखवला तेव्हा तो गप्पच राहिला. पण जाताना बाहेरच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा पाठवून गेला.

गुढीपाडव्याची गोष्ट कळल्यावर जुन्या तीन दुकानांचा पाऊण टक्काही मला टोचायला लागला. म्हणून त्यांचं वर्ष मी १५ मार्च ते १४ मार्च असं धरलं. असं केलं की दोन्हीकडे एकच गुढीपाडवा आणि एकच दिवाळी येते. त्यासाठी २०२२-२३ च्या फाइलमधली मार्चची बिलं काढून जोडावी लागली, कारण हिशेबाची फाइल दरवर्षी नवी सुरू होते आणि जुनी कपाटात जाते. उत्तर ८१८ वरून ७८७. पाऊण टक्क्याच्या वाढीची ३.८ टक्के घट झाली.

काम एक्सेलमध्येच होतं. एका शीटवर सगळी बिलं, दुसऱ्यावर जोड्यांचा तक्ता: शाखा, गेल्या वर्षीची सुरुवात आणि शेवट, यंदाची सुरुवात आणि शेवट. एका शाखेच्या दोन जोड्या असतील तर दोन ओळी. गेल्या वर्षीच्या बेरजेचं सूत्र हे, आणि यंदासाठी B, C च्या जागी D, E:

```
=SUMIFS(Bills[Net],Bills[Branch],$A2,
 Bills[Date],">="&$B2,Bills[Date],"<="&$C2)
```

महत्त्वाचा आहे तो तक्ता, सूत्र नाही. २०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा सांगलीतलं दुकान बंद होतं. त्या वर्षीचा रिपोर्ट नव्याने करताना ते दिवस मी याच तक्त्यातून दोन्ही वर्षांचे गाळले. एकाच वर्षाचे गाळले असते तर पुराचं नुकसान पुढच्या वर्षीची वाढ बनून पुढे आलं असतं.

आता घट कुठे आहे, तेही बघावं लागतं. मिरज २६५ वरून २७०, तासगाव १२१ वरून १२९. दोन्ही वर. खाली आलं ते सांगलीचं जुनं दुकान, ४३२ वरून ३८८. तिथला मॅनेजर वीस वर्षांचा जुना माणूस. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक विश्रामबागला वळलं, कारण तिथे गाडी लावायला जागा आहे. खरं असेल तर जोडीच्या हिशेबात त्याच्यावर अन्याय होतो: विश्रामबागची विक्री तुलनेबाहेर, आणि तिने ओढून नेलेलं गिऱ्हाईक मात्र त्याच्या घटीत.

हे तपासता येतं, कारण आमच्या बिलावर घरपोच पाठवण्याचा पत्ता आणि मोबाइल नंबर असतो. विश्रामबागच्या बिलांवरचे नंबर मी सांगलीच्या जुन्या बिलांशी ताडून पाहिले. मार्चअखेर विश्रामबागची विक्री ९८, आणि १४ मार्चपर्यंतच्या बिलांतली ३१ अशा नंबरांची, जे आधी जुन्या दुकानात येऊन गेले होते. आकडा अगदी काटेकोर नाही. बाप जुन्या दुकानाचं गिऱ्हाईक आणि बिल मुलाच्या नंबरवर, असं झालं की जुळणी निसटते. उलट, जुळलेल्यांपैकी काही जण विश्रामबाग नसतं तर दुसऱ्याच कुणाकडे गेले असते. पण ४४ च्या घटीतला मोठा भाग घरातल्या घरात हलला, एवढं त्यातून निश्चित कळतं. उरलेले १३ मात्र जुन्या दुकानाने खरोखर गमावले, आणि ते मी त्या मॅनेजरला तोंडावर सांगितलं.

हे ३१ मी सांगलीच्या विक्रीत मिसळले नाहीत. एकदा अशी भर घालायला लागलं की प्रत्येक शाखा आपापली कारणं घेऊन येते. रिपोर्टात जोडीचा आकडा तसाच ठेवला: जुनी तीन आणि विटा मिळून ८७३ वरून ८४८, म्हणजे २.९ टक्के घट. त्याच्याखाली वेगळी ओळ: सांगलीच्या घटीतले अंदाजे ३१ विश्रामबागकडे गेले. त्याखाली एकूण वाढ १८.४ टक्के. एकूण आकडा मी कधीच लपवत नाही. बँकेला तोच लागतो, आणि नव्या दुकानांवर लावलेल्या पैशाचा हिशेबही त्यातूनच सुरू होतो. इन्सेंटिव्ह मात्र जोडीच्या आकड्यावर. आप्पांनी कागद बराच वेळ हातात धरला होता. मग विचारलं, "म्हणजे धंदा वाढला, पण दुकानं वाढवली म्हणून?" मी हो म्हटलं.

विश्रामबाग जोडीत आलं ते २०२५ च्या दसऱ्यापासून. त्या वर्षी जीएसटी वगळून मोजण्याचं महत्त्व आणखी कळलं: २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. कर धरून बेरीज केली असती तर तेवढेच नग विकूनही विक्री घसरलेली दिसली असती. दसरा २ ऑक्टोबरला, पाडवा २२ ऑक्टोबरला. दिवस २१ भरले, आदल्या वर्षीपेक्षा एक कमी. तो दिवस मी कुठून ओढून आणला नाही. तक्त्याखाली "यंदा एक दिवस कमी" एवढं लिहिलं आणि विट्याच्या मॅनेजरला आधी फोन करून सांगितलं.