मुलीच्या पदवीवरचं अपोस्टिल: सही नेमकी कोणाची?

ऋताला इटलीतल्या एका विद्यापीठात एम.एससी.ला प्रवेश मिळाला. कागदपत्रांच्या यादीत त्यांनी बारावीचं आणि पदवीचं प्रमाणपत्र अपोस्टिल केलेलं मागितलं होतं, शिवाय त्याचा इटालियन अनुवाद. ती हिंजवडीत नोटीस पिरियडमध्ये अडकलेली, म्हणून तिच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोघींची ओळखपत्रं घेऊन हे काम मीच अंगावर घेतलं. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला कागद, शिक्के आणि रांगा यांचं भय नसतं, हा माझा एकमेव फायदा.

आधी हे अपोस्टिल काय असतं ते समजून घेतलं, कारण ओळखीतले सगळे ‘पदवी खरी असल्याचा शिक्का’ असंच सांगत होते. तसं नाही. 5 ऑक्टोबर 1961च्या हेग करारात जे देश आहेत, त्यांनी एकमेकांचे सरकारी कागद दूतावासाच्या फेऱ्यांशिवाय मानायचं ठरवलं. भारतात हा करार 2005 पासून लागू आहे आणि अपोस्टिल देण्याचं काम आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं. पण परराष्ट्र मंत्रालय ऋताची पदवी खरी की खोटी हे तपासत नाही. तिच्यावर शेवटची सही ज्या अधिकाऱ्याची, ती त्याचीच आहे का आणि तो त्या पदावर आहे का, एवढंच ते बघतं. बँकेत आम्ही चेकवरची सही स्पेसिमन कार्डाशी जुळवायचो, तसंच हे. चेक कशासाठी दिला याच्याशी आम्हाला कर्तव्य नसायचं.

एकदा हे कळलं की पुढची सगळी साखळी आपोआप उलगडते. परराष्ट्र मंत्रालयाकडे देशभरातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या आणि प्रत्येक बोर्डाच्या सचिवांच्या सह्या कशा असणार? म्हणून मध्ये राज्य सरकार येतं. विद्यापीठ किंवा बोर्ड म्हणतं, कागद आमचा आहे. राज्याच्या शिक्षण खात्याचा अधिकारी त्यांच्या पडताळणीवर विसंबून आपली सही करतो. त्या अधिकाऱ्याची नमुना सही परराष्ट्र मंत्रालयाकडे असते, आणि अपोस्टिल लागतं ते त्या सहीवर.

ऋताच्या कागदांचे त्यामुळे दोन रस्ते झाले. बारावीचे कागद पुणे विभागाचे, म्हणून पडताळणी शिवाजीनगरला विभागीय मंडळात आणि पुढे मुंबईत मंत्रालयात शालेय शिक्षण विभाग. पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, म्हणून पडताळणी गणेशखिंडीला आणि पुढे मंत्रालयातच, पण उच्च व तंत्रशिक्षण विभाग.

कुठलेही पैसे भरण्याआधी मी ऋताला तिच्या इटलीतल्या विद्यापीठाला मेल करायला लावली: नेमके कोणते कागद? अपोस्टिल दर कागदाला लागतं, आणि आधीच्या पायऱ्याही दर कागदाला लागतात. बारावीचं गुणपत्रक वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, आणि पदवीच्या सहा सेमिस्टरची सहा गुणपत्रकं. सगळीच केली असती तर गठ्ठा झाला असता. उत्तर आलं की बारावीचे दोन्ही कागद आणि पदवी प्रमाणपत्र पुरे, गुणांसाठी विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट साधं चालेल. पदवी मात्र दीक्षान्त समारंभानंतर मिळणारी मूळ हवी, प्रोव्हिजनल नको. ज्यांनी अजून ती घेतलेली नाही, त्यांनी आधी तिच्या मागे लागावं.

मग नावं जुळवली. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम वेगळा. क्रमाचं फारसं कोणाला वाटत नाही, पण स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर तो आधी निस्तरावा. अपोस्टिल लागलं की तो फरक पक्का होऊन परदेशात जातो.

बारावीच्या गुणपत्रकाने आम्हाला थांबवलं. निकाल लागल्याच्या आठवड्यात आमच्याकडच्यांनी मोठ्या प्रेमाने त्याचं लॅमिनेशन करून आणलं होतं. (पुण्यात असं घर नसेल, जिथे एक तरी गुणपत्रक प्लॅस्टिकमध्ये बंद नाही.) मंडळाच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी ते नुसतं बोटाने वाजवलं आणि परत सरकवलं.

“मॅडम, यावर शिक्का कुठे मारू?”

खरंच आहे. प्लॅस्टिकवर ना शाई धरत, ना अपोस्टिलचं स्टिकर कागदाला चिकटत. एका झेरॉक्सवाल्याने गरम करून प्लॅस्टिक सोडवून देतो म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं, कारण उष्णतेने छपाईची शाई प्लॅस्टिकबरोबर उचलून येते आणि मग तो कागद कशालाच उपयोगी राहत नाही. त्यापेक्षा परीक्षेचा महिना, वर्ष आणि आसन क्रमांक देऊन मंडळाकडे दुय्यम प्रत मागितली. तिच्यावर मंडळाचीच सही असते, त्यामुळे पुढे तिला कोणी नावं ठेवली नाहीत. वेळ मात्र गेला.

या मधल्या काळात एका एजंटाशी बोलणं झालं. मुलगा हुशार आणि बोलका होता.

“काकू, तुम्ही कशाला मुंबईला धावता? एसडीएमने करून देतो. आठवड्यात हातात.”

“एसडीएम म्हणजे कुठला? आपला प्रांत?”

“नाही हो, दिल्लीचा. सगळे तसंच करतात.”

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पुण्यात जिथे चौकशी करावी तिथे हे दोन भाव ऐकू येतात: एचआरडीने केलं तर महाग आणि सावकाश, एसडीएमने केलं तर स्वस्त आणि झटपट. एचआरडी म्हणजे राज्याच्या शिक्षण खात्यामार्फत. एसडीएम म्हणजे नोटरी करून दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याची सही घेऊन. स्टिकर दोन्हीकडे सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडे ते परराष्ट्र मंत्रालयाचंच असतं. एजंट खोटं बोलत नव्हता. त्याने फक्त हे सांगितलं नाही की त्या मार्गात विद्यापीठाला कोणी काही विचारतच नाही. स्टिकर एवढंच सांगतं की दंडाधिकाऱ्याची सही खरी आहे.

हे स्टिकरवरच वाचता येतं. माथ्यावर फ्रेंचमध्ये कराराचं नाव आणि तारीख असते, खाली दहा क्रमांकित रकाने. पहिला देशाचा. दुसऱ्यात सही कोणाची, तिसऱ्यात तो कोणत्या पदावरून सही करतोय, चौथ्यात शिक्का कुठल्या कार्यालयाचा. पाचव्यापासून पुढे ठिकाण, तारीख, देणारा अधिकारी, क्रमांक, शिक्का आणि सही. शैक्षणिक कागदासाठी दुसरा, तिसरा आणि चौथा रकाना हाच सगळा जीव. तिथे शिक्षण खात्याचा अधिकारी आहे की दंडाधिकारी, हे परदेशातला माणूस एका नजरेत बघतो. काही ठिकाणी त्यांना फरक पडत नाही. काही ठिकाणी शिक्षण खात्याचीच सही लागते, आणि मग पहिल्यापासून सगळं पुन्हा.

म्हणून मी एजंटाला सांगितलं, “दुसऱ्या रकान्यात कोणाचं नाव येणार ते लिहून दे, मग बोलू.” त्याने विषय बदलला. तोवर ऋताच्या इटलीतल्या विद्यापीठाचंही उत्तर आलं होतं की शिक्षण खात्यामार्फतच हवं. प्रश्न मिटला.

मंत्रालयात पास काढून दोन्ही विभागांत कागद दिले. सोबत विद्यापीठाची आणि मंडळाची पडताळणी, मूळ कागद, झेरॉक्स, ऋताचा पासपोर्ट आणि अधिकारपत्र. पदवीचं काम आधी झालं. सही-शिक्का कागदाच्या मागच्या बाजूला येतो. तो हातात घेतल्यावर मी अधिकाऱ्याचं नाव, पद आणि तारीख स्वच्छ वाचता येतंय का ते तिथेच उभं राहून पाहिलं. शिक्का पुसट उमटला किंवा नाव अर्धवट आलं तर पुढे जुळवणी करणारा काय जुळवणार? अडचण आणखी एका ठिकाणी येऊ शकते: अधिकाऱ्याची बदली झाली आणि नव्याची नमुना सही पुढे पोचलेली नसेल, तर खरा कागदही अडकून पडतो. बँकेत मी हे शंभरदा पाहिलंय. शाखेत नवा अधिकारी आला की दुसऱ्या शाखेत त्याचे ड्राफ्ट लटकायचे.

शेवटची पायरी परराष्ट्र मंत्रालयाची, आणि तिथे आपल्याला थेट खिडकी नाही. 2012 पासून त्यांनी नेमलेल्या एजन्सीच कागद घेतात आणि परत देतात. दिल्लीखेरीज मुंबईसारख्या काही शहरांतही हे काम होतं. अपोस्टिलचं सरकारी शुल्क दर कागदाला 50 रुपये, वर एजन्सीचा थोडा सेवाआकार. कोणी एका कागदाचे हजारो रुपये सांगितले तर तो आकडा अपोस्टिलचा नाही, तुमच्याऐवजी धावणाऱ्याचा आहे, आणि तो द्यायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पुण्यातून नोकरी सांभाळून मुंबईच्या खेपा घालणं जमत नसेल तर एजंट वाईट नाही. त्याच्याकडून कोणता मार्ग घेणार हे लेखी घ्यावं आणि मूळ कागद दिल्याची पोच घ्यावी.

ई-सनद नावाची सरकारी ऑनलाइन सोयही आहे. तिथे कागद देणारी संस्थाच पडताळणी ऑनलाइन करते आणि अर्ज पुढे परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. आपलं बोर्ड किंवा विद्यापीठ तुमच्या वर्षाच्या कागदासाठी त्या यादीत असेल, तर आधी तोच मार्ग बघावा.

शेजारच्या सानेंचा मुलगा दुबईला निघालाय. त्याने माझी फाइल मागितली तेव्हा त्याला सांगावं लागलं की संयुक्त अरब अमिराती या करारात नाहीत. त्याच्याकडे विद्यापीठ आणि राज्य सरकार या पायऱ्या तशाच, पण परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल नाही, साधं साक्षांकन, आणि त्यावर अमिरातीच्या दूतावासाचं. तो अपोस्टिल करून बसला असता तर दूतावासासाठी पुन्हा रांगेत. कुठल्या देशात जायचंय यावर पहिलं पाऊल ठरतं, कागदावर नाही.

आमच्याकडे स्टिकर लागून कागद आले. दुसऱ्या रकान्यात उच्च व तंत्रशिक्षणाच्या अधिकाऱ्याचं नाव, बारावीच्या कागदांवर शालेय शिक्षणाच्या. मी दोन्ही बाजू स्कॅन केल्या आणि त्यानंतरच अनुवादकाकडे दिल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. अनुवाद आधी करून घेतला तर त्यात मागचे शिक्के आणि अपोस्टिल येत नाही, आणि इटलीला तेही अनुवादित हवं होतं. अनुवादकाने दर पानामागे भाव सांगितला आणि मी पदवीचं एक पान म्हटल्यावर कागद उलटा करून दाखवला: मागची बाजू धरून दोन.