माझाच कॉल ऑप्शन विकायचा होता, तर म्हणे मार्जिन कमी!

ब्रोकरच्या सपोर्टवाल्याने 'सर, फंड ॲड करा' हे इतक्या वेळा ऐकवलं की अजून आठवलं तरी डोकं फिरतं. ऐरोलीच्या ऑफिसात जिन्यावर उभा राहून मी त्याला समजावतोय की बाबा रे, मला नवीन काही विकायचं नाहीये, हातातला निफ्टीचा कॉल विकून मोकळं व्हायचंय. आणि स्क्रीनवर REJECTED, मार्जिन हवं लाखाच्या वर! कॉलला प्रीमियम भरलेला जेमतेम नऊ हजार.

शेवटी कारण ऑर्डर बुकमध्ये दिसलं. कॉल एक लॉट आणि त्याच लॉटवर स्टॉपलॉसची सेल ऑर्डर TRIGGER PENDING म्हणून लटकलेली. म्हणजे सिस्टीमच्या हिशोबाने हातातला लॉट त्या ऑर्डरला बांधला गेलाय, वरून आलेली दुसरी सेल म्हणजे नवीन ऑप्शन रायटिंग, म्हणून तेवढं मार्जिन. रिजेक्शन बरोबरच होतं हो, पण हे त्या फोनवरच्या माणसाने सांगायला नको? त्याचं ऐकून पैसे टाकले असते तर सेल झाली असती, पण स्टॉपलॉस तसाच राहिला असता आणि नंतर ट्रिगर लागला की उघडा शॉर्ट कॉल गळ्यात!

ऑर्डर आपोआप पाठवायला मित्राने दिलेल्या स्क्रिप्टमध्ये तर रिजेक्ट झालं की परत पाठव, एवढंच होतं. तेही तितकंच घातक, कारण मध्येच दुसऱ्या पोझिशनचं मार्जिन मोकळं झालं की तीच ऑर्डर गुपचूप पास होते. म्हणून आता मार्जिनचा मेसेज आला की स्क्रिप्ट थांबते, पेंडिंग एक्झिट आहे का बघते, असेल तर त्याच ऑर्डरला मॉडिफाय करून लिमिट करते, भाव चालू बिडच्या जवळ. क्वांटिटी तीच, त्यामुळे जास्तीचं मार्जिन लागत नाही. कॅन्सलच करायचं असेल तर CANCELLED दिसेपर्यंत थांबायचं आणि पोझिशन परत वाचायची, कारण कॅन्सल जाता जाता स्टॉपलॉस भरलेला असू शकतो.

हो, एक राहिलंच. ऑर्डर आयडी मिळाला म्हणजे ऑर्डर लागली असं नाही, रिजेक्शन नंतरही येतं, त्यामुळे स्टेटस वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि टाइमआउट झाला तर आधी ऑर्डर बुक बघा, ऑर्डर कदाचित पोचलेली असते.

भाव एक्स्चेंजने ठरवलेल्या रेंजबाहेर म्हणून रिजेक्ट झालं तर तोच भाव परत पाठवून काय उपयोग? ताजी रेंज घ्या, ती दिवसभरात बदलू शकते. लगेच बाहेर पडायची सेल खालच्या मर्यादेच्याही खाली गेली असेल तर भाव त्या मर्यादेवर आणून, टिक साइझला जुळवून एकदाच पाठवायची. पण टार्गेटची सेल वरच्या मर्यादेच्या पलीकडे असेल तर तिला खाली ओढू नका, नाहीतर ठरवलेल्या भावाआधीच माल विकला जाईल. ती ऑर्डर माझी स्क्रिप्ट स्वतःकडेच ठेवते, रेंज वर सरकली की मग पाठवते.