वार्षिक फीचे २,९५० रुपये

आज क्रेडिट कार्डाच्या बिलात वार्षिक फी लागलेली दिसली. २,५०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी ४५०. वर्षात ३ लाख खर्च केला की ही फी माफ होते आणि माझा खर्च तर ३ लाख १४ हजार झाला होता! फोन केल्यावर कळलं, त्यातलं ३६ हजार घरभाडं ते धरतच नाहीत. म्हणजे २२ हजार कमी पडले. शिवाय त्यांचं वर्ष एप्रिलपासून नाही, कार्ड मिळालेल्या महिन्यापासून मोजतात.

मी शांतपणे म्हटलं, "मग कार्ड बंद करा." लगेच फोन दुसऱ्या विभागाकडे गेला. आधी ४,००० पॉइंट देऊ केले, पण पंचवीस पैशांच्या हिशेबाने ते १,००० रुपयेच. नको म्हटल्यावर दुसरी ऑफर आली: ६० दिवसांत २५ हजार खर्च करा, फी परत. जीएसटीसुद्धा परत मिळेल ना, हे मुद्दाम विचारलं आणि सगळं ईमेलवर मागून घेतलं. विम्याचा हप्ता यायचाच आहे, त्यात भागेल.

तोवर बिल मात्र फीसकट पूर्ण भरणार आहे, नाहीतर व्याज लागेल.