ताप उतरला, पण श्वास फास्टच होता

आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. आमच्याकडं पाऊस लागला की आठ आठ दिवस ऊन दिसत नाही आणि घरात ओल, त्यामुळं पावसाळ्यात लहान पोरांना सर्दी खोकला हा असतोच. मागच्या जुलैत माझा बारका दहा महिन्यांचा होता, त्याला खोकला लागला तेव्हा मला काही विशेष वाटलंच नाही. दोन दिवस नाक गळत होतं, तिसऱ्या दिवशी ताप आला, मग मिस्टरांनी बाजारातल्या मेडिकलमधनं खोकल्याचं औषध आणलं, डॉक्टरला न दाखवताच. ते दिलं की पोरगं झोपायचं, आणि झोपतंय म्हणजे आराम पडतोय असं आम्ही धरून चाललो.

चौथ्या दिवशी दुपारी ताप १०२ होता. आधी डॉक्टरांनी वजनाप्रमाणं लिहून दिलेलं पॅरासिटामॉल घरात होतं ते दिलं, तासाभरात अंग गार लागायला लागलं. सासूबाई म्हणाल्या "उतरला बघ ताप, आता बरं होतंय". मला पण हायसं वाटलं. पण दूध प्यायला घेतलं तर दोन घोट ओढायचा, सोडायचा, धापा टाकायचा, परत ओढायचा. मला वाटलं नाक चोंदलंय म्हणून असं करतोय.

संध्याकाळी आशाताई दुसऱ्याच कामानं आल्या होत्या. पोरगं माझ्या मांडीवर झोपलेलं, अंगात झबलं, वर स्वेटर, वर दुपटं. त्यांनी नुसतं तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या "अक्का, ह्याचं स्वेटर काढा आणि झबलं वर करा बघू, पण उठवू नका". मी म्हटलं थंडी वाजेल. तर म्हणाल्या "दोन मिनिटं. कपड्यावरनं श्वास कळत नाही".

मग त्यांनी मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावला आणि पोटाकडं बघत मोजायला लागल्या. पोट वर येऊन खाली गेलं की एक. मी मनात म्हणत होते की पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तरी चालेल की, तसं विचारलं पण. त्या म्हणाल्या लहान पोरं एकसारखा श्वास घेत नाहीत, मध्ये जरा थांबतात, मध्ये भरभर घेतात, त्यामुळं पुरं एक मिनिटच मोजायचं, आणि ते पण पोरगं शांत असताना. रडताना किंवा दूध पिताना मोजलं तर आकडा उगाच वाढतो. पहिल्यांदा ५९ आले. परत मोजले, ५८.

आकड्याचं त्यांनी मला नीट सांगितलं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त म्हणजे श्वास फास्ट. एक वर्ष झालं की पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ६०, पण एवढ्या बारक्या बाळाला आजारी वाटलं तर मोजत बसायचंच नाही, सरळ न्यायचं. तापानं श्वास थोडा वाढतो हे खरं, पण आमच्याकडं ताप उतरून दोन तास झाले होते आणि श्वास ५८ वरच होता. म्हणजे पॅरासिटामॉलनं ताप उतरवला, छातीतलं दुखणं आत तसंच राहिलं होतं. दुपारी अंग गार लागलं म्हणून मी निवांत झाले, ही चूक मला अजून टोचते.

मग त्यांनी टॉर्च लावून बरगड्यांच्या खालच्या कडेला बोट दाखवलं. "हिथं बघा की". श्वास आत घेतला की पोट आणि छाती दोन्ही फुगायला पाहिजेत. ह्याचं पोट फुगत होतं पण बरगड्या संपतात तिथं खालची छाती आत ओढली जात होती, दर श्वासाला खळगा पडायचा. नुसतं पोट वरखाली होणं म्हणजे हे नव्हे, बाळं पोटानंच श्वास घेतात. एखाद्या वेळी किंवा रडताना दिसलं तरी धरायचं नाही, शांत असताना सारखं दिसलं पाहिजे. माझं नाकाचं म्हणणं पण त्यांनी सोडलं नाही, ओल्या फडक्याच्या टोकानं नाक साफ केलं, पाच मिनिटं थांबून परत बघितलं. नाक मोकळं होतं आणि खळगा पडतच होता.

सासूबाई म्हणाल्या पाऊस केवढा लागलाय, सकाळी जाऊया. आशाताई एवढंच म्हणाल्या की मावशी, छाती आत जातीय आणि दूध सुटलंय, आता सकाळची वाट बघायची नाही, रात्रीत थकून जाईल. त्यांनीच १०८ ला फोन लावला. ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास गेला, त्यात त्यांनी मला तीन गोष्टी बघायला सांगितल्या : दूध अजिबात घेत नाही का, हलवलं तरी डोळे उघडत नाही का, ओठ निळसर होतायत का. झटका आला तर लगेच सांगायचं. आणि आडवं निजवू नका, डोकं जरा वर ठेवून कडेवर धरा म्हणाल्या.

बेळगावला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. वॉर्डात नर्सनं पहिला प्रश्न कन्नडमध्ये विचारला, "हालु कुडीतानेनु?" दूध पितोय काय. मी नाही म्हटल्याबरोबर त्यांनी पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायचा क्लिप लावला. पोरगं पाय झाडत होतं तेव्हा आकडा नाचत होता, स्थिर झाला तेव्हा ८८. नव्वदच्या खाली म्हणजे ऑक्सिजन लागणारच म्हणाले. नाकात बारीक नळी बसवली, हाताला सलाईनची सुई, त्यातनं अँटिबायोटिक चालू. एक्सरेत उजव्या बाजूला खाली पांढरा डाग होता, न्यूमोनिया.

मी डॉक्टरांना ते खोकल्याचं औषध दाखवलं. ते म्हणाले एवढ्या लहानाला हे द्यायचंच नाही, ह्यानं न्यूमोनिया बरा होत नाही आणि गुंगी येते. मला तेव्हा कळलं की दोन दिवस आम्ही ज्याला आराम समजत होतो त्यात ही गुंगी पण असणार, आणि त्या झोपेत श्वासाकडं कुणी बघितलंच नाही.

पहिली रात्र वाईट गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दूध ओढायला लागला, तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन काढला आणि क्लिपवर ९६ राहायला लागलं, छातीचा खळगा पण गेला. पाचव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा खोकला होताच. मी घाबरून विचारलं तर डॉक्टर म्हणाले खोकला अजून आठ पंधरा दिवस राहील, खोकल्याकडं बघू नका, श्वास मोजा. तोंडातनं द्यायचं अमॉक्सिसिलिन लिहून दिलं होतं ते पोरगं खेळायला लागलं तरी मध्ये बंद करायचं नाही, दिलेले दिवस पुरे करायचे असं दोनदा बजावलं.

घरी आल्यावर रोज रात्री तो झोपला की मी झबलं वर करून मोजायचे. पहिल्या रात्री ४४, मग ४०, चार दिवसांनी ३६. आता सासूबाई पण मोजतात, त्यांना मोबाईलचा टायमर लावता येत नाही म्हणून भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्याकडं मी बघते आणि त्या पोटाकडं बघून मोठ्यानं आकडे म्हणतात.