न लागलेला दिवा

एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंची ६२ मिनिटांची ध्वनिमुद्रित मुलाखत आमच्याकडे होती आणि तिच्यातून साधारण चार मिनिटांचा ॲनिमेटेड माहितीपट करायचा होता. मी चित्राला हात लावण्याआधी संकलकाने नुसता आवाज कापून ४ मिनिटे १० सेकंदांवर आणला. सेकंदाला २४ फ्रेम आणि दर दोन फ्रेमला एक चित्र धरले, तरी एवढ्याला तीन हजार चित्रे लागतात. त्यामुळे आवाज पक्का झाल्याशिवाय रेखाटन सुरू करायचे नाही, हा आमचा नियम.

स्टोरीबोर्डची स्थिर चित्रे त्या आवाजावर लावून केलेले ॲनिमॅटिक आम्ही ज्या दिवशी पाहिले, त्या दिवशी एकच जागा खटकली, पण ती होती नेमकी माहितीपटाच्या मध्यावर. मध्यरात्री जोडून दिलेल्या एका फोनबद्दल बाई सांगतात, "एक दिवा लागला. दुसरा लागलाच नाही. ती बाई अजून बोलतच होती." मी पहिल्या वाक्यावर फोन जोडायच्या स्विचबोर्डाचे दोन पेटलेले दिवे दाखवले होते आणि दुसऱ्या वाक्यावर रिसीव्हर धरून रडणाऱ्या बाईचा चेहरा. आवाज न ऐकता पाहिले, तर चित्र चांगलेच होते. आवाजासह पाहिल्यावर मात्र सहकारी म्हणाली, "त्यांच्या आधी तूच सांगून टाकलंस. आणि हा चेहरा त्यांनी पाहिला कधी?"

पाहिलाच नव्हता, त्यांच्यासमोर फक्त स्विचबोर्ड होता. शिवाय न लागलेल्या दिव्याचा आणि बोलण्याचा संबंध मलाच उमगला नव्हता, म्हणून मी बाईंना फोन केला. त्या हसल्या. "अहो, दिवा लागला म्हणजे त्या बाजूनं फोन ठेवला. चालू फोनचा दिवा विझलेलाच असतो." मी बोलणे चालू असताना दोन्ही दिवे पेटलेले काढले होते, म्हणजे अर्थ अगदी उलटा झाला होता.

मग मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यांच्या मध्ये बाई साडेतीन सेकंद थांबल्या होत्या, आणि संकलकाने ती जागा रिकामी समजून कापली होती. तिथे नुसती शांतता भरली असती, तर खोलीचा बारीक गुंजारव अचानक तुटून कानाला खड्डा जाणवला असता, म्हणून तो तुकडा मूळ मुद्रणातूनच, त्यांच्या श्वासासकट, परत बसवला. पुढचे सगळे चित्रण ८४ फ्रेमने सरकले. ॲनिमॅटिकच्या टप्प्यावर ते अर्ध्या तासाचे काम होते, रंगकाम झाल्यावर मात्र आठवडे गेले असते.

चेहरा मी काढून टाकला. आता "लागला" या शब्दानंतर सहा फ्रेमने डावा दिवा पेटतो. तो शब्दाबरोबरच पेटवला, तर बटण दाबल्यासारखा वाटत होता. त्यानंतर त्या ८४ फ्रेमभर एकच चित्र स्थिर राहते: एक पेटलेला दिवा, एक विझलेला आणि फोन जोडणाऱ्या दोरीवर थांबलेली ऑपरेटरची बोटे. "ती बाई" हे शब्द येतात, तेव्हा बोटे दोरी सोडतात.