केबलच्या पोटातून आलेलं पाणी

पाण्याखाली चालणारा रोबो बनवताना माझे तब्बल सात आठवडे एका गळतीने खाल्ले. पाणी कुठून येतंय हे कळायलाच त्यातले सहा गेले. त्याची चिडचीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहितोय.

काकांची विहीर सासवडजवळ आहे. पंप पाणी ओढेनासा झाला की नळाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह बघायला दर वेळी कुणाला तरी आत उतरवायचं, हे मला बघवत नव्हतं. म्हणून आठ मीटर खाली कॅमेरा नेणारं यान करायला घेतलं. पीव्हीसी पाइपची चौकट, चार थ्रस्टर, बॅटरी आणि बोर्डासाठी ११० मिमी व्यासाची, ३० सेंमी लांबीची ॲक्रिलिक नळी, तिच्या दोन्ही तोंडांना ओ-रिंगची झाकणं, आणि वर लॅपटॉपपर्यंत २० मीटर नेटवर्क केबल. बराचसा माल पुण्याच्या तपकीर गल्लीतच मिळाला. थ्रस्टर पहिल्या दिवशीच फिरले.

मग घरच्या ड्रममध्ये नळी आणि केबलचं वेटोळं, सगळं एकदमच बुडवलं. आत टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला होता. वीस मिनिटांनी तो एका बाजूने ओला झालेला.

माझा संशय ओ-रिंगवर. सिलिकॉन ग्रीस लावलं, रिंग बदलल्या, शेवटी भोसरीत लेथवर झाकणांच्या खाचा नव्याने करून घेतल्या. त्या कामासाठी तीन आठवडे हेलपाटे घातले. तरीही गळती तीच. ब्रेक ब्लीड करायचा हातपंप नाना पेठेतून आणला आणि नळीतली हवा पंपाचा काटा पाऱ्याच्या १० इंचांवर येईपर्यंत ओढली. हे आधीच करायला हवं होतं, कारण यात बोर्ड भिजत नाही आणि पाण्याखाली असतो तसाच दाब झाकणांना आत दाबतो. १५ मिनिटांत काटा एक इंचापेक्षा जास्त उतरू नये. माझा सहावर आला.

मग उलटं करून पाहिलं. झाकणं पट्ट्यांनी घट्ट आवळली, सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरली आणि फक्त नळी ड्रममध्ये धरली. (जास्त भरू नका, ०.२ बारलाही एवढ्या झाकणावर जवळपास १९ किलोचा जोर येतो.) दाब उतरत होता, पण बुडबुडा एकही नाही. वैतागून बाहेर पडलेली केबलही ड्रममध्ये लोटली. नळीपासून तीनेक मीटरवर, केबलच्या आवरणातून, मोहरीएवढे बुडबुडे ओळीने वर येऊ लागले. केबल टाय कापताना सुरीचं टोक लागलं होतं तिथून. आणि केबलच्या पार दुसऱ्या टोकातूनही!

म्हणजे झाकणं निर्दोष होती. केबलच्या आवरणात तारांच्या जोड्यांमध्ये पोकळी असते. कुठेही चीर पडली की पाणी त्या पोकळीतून नळीत उतरतं. केबल झाकणातून आत जाते तिथला ग्लँड तिला फक्त बाहेरून आवळतो, केबलच्या पोटातली वाट तो बंद करत नाही.

चीर टेपने बुजवून भागणार नव्हतं, विहिरीच्या दगडांवर दुसरी पडलीच असती. वाट नळीच्या तोंडाशीच बंद करायला हवी. पोकळ बोल्टमधून केबल घेतली, आतल्या भागातलं आवरण सोलून आठही तारा सुट्या केल्या. माझ्या केबलच्या तारा अनेक बारीक धाग्यांच्या होत्या. धाग्यांमधूनही पाणी झिरपतं, म्हणून प्रत्येक तारेचा सेंटिमीटरभर भाग उघडा करून शिसं पाजलं आणि तारा एकमेकींना टेकणार नाहीत अशा ठेवल्या. आवरण पॉलिश पेपरने खरवडलं, अल्कोहोलने पुसलं आणि वरून सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी ओतलं. पाच मिनिटांवालं घेऊ नका, ते तारांच्या मधे उतरायच्या आत गोठतं. २४ तास हात लावला नाही. नंतर १५ मिनिटांत काटा १० वरून जेमतेम ९.८ वर आला. मी आईला हाक मारून तो काटा दाखवला!

पुढचं तरंगण्याचं गणित एका दुपारचं. यान मासे तोलायच्या काट्याला टांगून पाण्यात सोडलं, वजन भरलं ३६० ग्रॅम. चौकटीच्या वरच्या बाजूला ४०० घनसेंमी कडक निळा इन्सुलेशन फोम बांधला, तो साधारण ३८५ ग्रॅम उचलतो. म्हणजे २५ ग्रॅम वरच्या बाजूला झुकतं, बॅटरी संपली तरी यान आपोआप वर येतं. मऊ फोम खोलीवर दबतो आणि उचल कमी होते. फोम वर, बॅटरी तळाला, नाहीतर यान कलंडतं.

विहिरीवर काका लॅपटॉपकडे वाकून बघत होते. फूटव्हॉल्व्हच्या जाळीला वडाची मुळं गुंडाळलेली दिसली. “एवढंच होय! मग कुणाला कशाला उतरवायचं? नळच वर ओढून घेऊ,” काका म्हणाले.

एक सांगायचं राहिलं. यान वर ओढायला चौकटीला वेगळी नायलॉनची दोरी बांधा, केबलला धरून ओढू नका. ताण सरळ त्या इपॉक्सीवर येतो.